वास तोंडाचा की नाकाचा, हे आधी ठरवा

> दोन वेळा ब्रश करूनही वास येतोच, म्हणजे पोटच बिघडलं असणार.

पोटावर शेवटी यावं. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, त्यामुळे ढेकर किंवा आंबट पाणी वर येतं तेवढ्यापुरताच पोटाचा वास येतो. दिवसभर टिकणारा वास बहुतेक वेळा तोंडातलाच असतो. खाऊन दोनेक तास झाल्यावर, माउथवॉश न वापरता, घरातल्या कुणाला तरी वास घ्यायला सांगा, कारण स्वतःच्या वासाला आपलं नाक सरावलेलं असतं. आधी तोंड मिटून नाकाने श्वास सोडा, मग नाक चिमटीत धरून तोंडाने. फक्त नाकाने येत असेल तर नाक किंवा सायनस. त्यातही एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर त्या बाजूची वरची दाढ तपासून घ्या. तिच्या मुळाचा संसर्ग वरच्या सायनसमध्ये शिरू शकतो. नाक आणि तोंड दोन्हींतून वास सारखाच येत असेल तर मात्र फिजिशियनकडे जा.

फक्त तोंडाने येत असेल तर चमच्याच्या कडेने जिभेचा अगदी मागचा भाग हलकेच खरवडा, पाच-दहा सेकंद थांबून चमचा हुंगा. मग दाढांच्या प्रत्येक फटीतून फ्लॉस फिरवून तोही हुंगा. एकाच फटीचा दोरा घाण वास देत असेल तर तिथे बहुधा कीड, सैल फिलिंग किंवा हिरडीचा खिसा असतो आणि ब्रशचे केस तिथवर पोचतच नाहीत. चमचा आणि दोरा दोन्ही स्वच्छ निघाले, तरी वास आहे? मग टॉर्च लावून टॉन्सिलच्या खाचांत पांढरट-पिवळे खडे दिसतात का बघा, पण टोकदार वस्तूने कोरू नका.