मदत हवी आहे: सीसी खात्यावर जादा व्याज, जुना डीपी धरला असेल का?

नमस्कार मंडळी. निपाणीत आमचं भुसार दुकान आहे. सीसी म्हणजे कॅश क्रेडिटचं लिमिट १० लाख, व्याज ११ टक्के. दुरुस्तीसाठी दुकान बंद होतं, त्यामुळे जूनभर रोजची अखेर बाकी ६,००,००० च राहिली. म्हणजे ६,००,००० × ११ × ३० ÷ ३६५०० = ५,४२४.६६ रुपये व्याज व्हायला हवं. स्टेटमेंटमध्ये मात्र ५,५८९.०४ नावे पडलेत.

फरक १६४.३८. एक लाखावर २ टक्क्यांनी ३० दिवसांचं व्याज बरोबर एवढंच येतं! म्हणजे बँकेने डीपी, म्हणजे मालावरून ठरणारी उचल मर्यादा, ५ लाख धरून वरचा लाख जादा उचल मानला असावा. मेच्या स्टॉक स्टेटमेंटप्रमाणे माल १२ लाख, व्यापाऱ्यांची देणी ३ लाख. उरलेल्या ९ लाखांतून २५ टक्के मार्जिन गेलं की डीपी ६.७५ लाख होतो. ते मुदतीत दिलंय, पोचेवर शिक्का आहे. नवा डीपी सिस्टिमला चढलाच नसेल का?

शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या परिपत्रकानुसार दंड व्याजदरात मिसळता येत नाही, वेगळा आकार म्हणूनच लावावा लागतो ना? शाखेकडे रोजच्या डीपीचा कोणता तक्ता मागू? बेळगाव भागात कुणी असा परतावा मिळवलाय का? अर्ज कसा लिहिलात तेही कृपया सांगा.