मदत हवी आहे : मोकळ्या जमिनीवर परक्याचा ताबा, फौजदारी तक्रार की दिवाणी दावा?

नमस्कार. सातबाऱ्यावर आईचे नाव असलेल्या आमच्या मोकळ्या जमिनीत चार महिन्यांपूर्वी एका अनोळखी इसमाने तारेचे कुंपण घालून पत्र्याची शेड उभारली. पोलिसांनी ‘वाद दिवाणी आहे’ असे सांगितले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ साठी धमकावण्याचा वा त्रास देण्याचा हेतू दाखवावा लागतो, आणि शिक्षा झाली तरी ताबा आपोआप मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खालील दाव्यात मालकी सिद्ध करावी लागत नाही, पण मुदत सहाच महिन्यांची असल्याने आता दोनच महिने उरले आहेत. आईला याची फार काळजी लागली आहे.

पडीक जमिनीवरचा पूर्वीचा ताबा मोजणी नकाशा व शेतसाऱ्याच्या पावत्यांवरून न्यायालय मान्य करते का, की बारा वर्षांच्या मुदतीतला मालकी हक्कावरचा दावाच लावावा? जाणकारांनी कृपया सांगावे.