कार्टून फिल्टरचा फोटो सेव्ह केला की चिखल का होतो?

नितळनजर
लाइव्ह कार्टून फिल्टर ही शुद्ध फसवणूक आहे. ५० मेगापिक्सेलचा फोन घ्यायचा आणि फिल्टर लावून फोटो काढला की फाइल येते १०८० बाय १९२० ची, त्यातही रेघा जाड आणि मऊ. ॲपवाल्यांचा नुसता आळशीपणा. एवढे दमदार प्रोसेसर काय पूजेला ठेवलेत?

शेडरवाला
आळशीपणा हा शब्द वाचून राहवलं नाही, लांबेल जरा. अशा फिल्टरचे शेडर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर एकेक पिक्सेल रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, लिहून पोट भरलंय मी काही वर्षं.

कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम देतो, म्हणजे एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद. त्यात चेहरा शोधायचा, स्क्रीनवर काढायचं, रेकॉर्डिंग चालू असेल तर एन्कोडरलाही द्यायचं, फिल्टरच्या वाट्याला १०-१२ आले तरी खूप. कार्टून लूकमध्ये महागडं काम एकच, रंग सपाट करायचे पण कडा शाबूत ठेवायच्या, म्हणजे बायलॅटरल फिल्टर. ९ बाय ९ ची खिडकी धरली तर प्रत्येक पिक्सेलसाठी ८१ शेजारी वाचायचे आणि प्रत्येकाचं वजन काढायचं. १०८०पी फ्रेममध्ये पिक्सेल २०.७ लाख, म्हणजे एका फ्रेमला जवळपास १६.८ कोटी वाचनं, सेकंदाला ५०० कोटी. महागडा फोन ओढेल थोडा वेळ, १२-१५ हजारवाला बसेल मटकन.

म्हणून दोन चोऱ्या करतो. एक, आधी आडवं मग उभं चालवायचं, ८१ च्या जागी ९ अधिक ९. गणितात हे बसत नाही, बायलॅटरल असा फोडता येत नाही, तिरप्या कडेपाशी आडवे-उभे ओरखडे राहतात, पण २००६ च्या सिग्राफ या ग्राफिक्स परिषदेतल्या विनमोलर, ओल्सन आणि गूच यांच्या पेपरातही हीच तडजोड आहे आणि कार्टूनमध्ये ती खपून जाते. दोन, फ्रेमच अर्धी करायची, ९६० बाय ५४०. पिक्सेल चौथाई होतात आणि खिडकीही छोटी पुरते, ५ अधिक ५. सोळा कोटींचं काम ५२ लाखांवर येतं. मग ते ताणून परत १०८०पी करायचं. तुमच्या मऊ रेघा इथून येतात, कारण बरेच जण रेघाही त्या अर्ध्या फ्रेमवरच काढतात. रंग अर्ध्यावर आणि रेघा पूर्ण फ्रेमवर काढल्या तर कितीतरी सुधारतं, पण तेवढे मिलिसेकंद जातात.

चिपचाप
२००६ चे पेपर काय काढताय काका, आता सगळं एनपीयूवर, म्हणजे फोनमधल्या एआय चिपवर चालतं. न्यूरल स्टाइल, एकदा नेटवर्कमधून फ्रेम गेली की झालं. शेडर-बिडर इतिहासजमा.

शेडरवाला
काका नाही म्हटलं तरी चालेल. अर्धं बरोबर आहे तुमचं. २०१५ साली गॅटिस मंडळींनी जी पद्धत काढली त्यात एकेका चित्रासाठी शेकडो वेळा घोटावं लागायचं, २०१६ मध्ये जॉन्सन वगैरेंनी एका फेरीत काम करणारं नेटवर्क दाखवलं आणि म्हणून ते फोनवर आलं. पण त्या नेटवर्कलाही फुल फ्रेम कोणी देत नाही, छोटी करूनच देतात. शिवाय ते प्रत्येक फ्रेम स्वतंत्र बघतं, मागच्या फ्रेममध्ये गालावर ब्रशचा फटकारा कुठे होता हे त्याला माहीतच नाही. माणूस स्तब्ध बसलाय आणि चेहऱ्यावर रंग वळवळतोय, बघितलं असेल. ते थांबवायला मागची फ्रेम मिसळली की हात हलवल्यावर मागे भूत राहतं. आणि एनपीयूकडून जीपीयूकडे, म्हणजे ग्राफिक्स चिपकडे फ्रेमची कॉपी करावी लागली तर त्यात गेलेला वेळ धरा. पूजेला बसलेल्या प्रोसेसरचं बरंच आयुष्य मेमरीतून डेटा इकडून तिकडे नेण्यात जातं.

चिपचाप
कॉपी करावी लागतेच असं नाही, शेअर्ड बफर असतात. पण वळवळतं हे मान्य, माझ्या फोनवर तर पडद्याच्या चुण्या नाचतात.

मृण्मयी_ठाणे
मला एक सांगा, माझा फोन व्हिडिओ कॉलवर फिल्टर लावला की पाचेक मिनिटांनी तापतो आणि मुलगी म्हणते आई तू अडखळतेस. हे पण त्या मेगापिक्सेलमुळेच का? मी लेन्स पुसून बघितली.

शेडरवाला
मेगापिक्सेलचा संबंध नाही ताई, आणि लेन्सचाही. फोन गार असताना जे काम २५ मिलिसेकंदांत होतं तेच तापल्यावर चिप स्वतःचा वेग कमी करते म्हणून ४० ला जातं, मग ३३ मध्ये फ्रेम तयार होत नाही आणि ती टाकून द्यावी लागते. म्हणून दुकानात दोन मिनिटं चालवून बघितलेला फिल्टर आणि घरी अर्धा तास चालवलेला फिल्टर वेगळे वाटतात. शहाणी ॲपं तापलं की गुपचूप रिझोल्युशन उतरवतात. कव्हर काढून, चार्जर न लावता कॉल करून बघा.

फ्लेक्सवाला_आबा
तुमचं मिलिसेकंद राहू द्या, आमचं ऐका. गावात वाढदिवस असला की साहेबांचा कार्टून फोटो मोबाईलवर येतो आणि म्हणतात ६ बाय १० चा उभा फ्लेक्स उद्या सकाळी चौकात पाहिजे. फाइल उघडली की ७२० बाय १२८०. नाक कुठंय आणि मिशी कुठंय कळत नाही. प्रिंट केला की शिव्या आम्हाला. आणि अर्धे पैसे बाकी ठेवतात.

नितळनजर
बघा, हेच म्हणतोय मी!

पुणेरी_टोला
आबा, चौकाचौकात तुमचे फ्लेक्स लागतात म्हणून सिग्नल दिसत नाही. फोटो फाटला तर उलट समाजसेवाच झाली.

फ्लेक्सवाला_आबा
पोट आहे बाबा आमचं. तुमच्याकडे फ्लेक्स नाहीत का? आणि लावणाऱ्याला बोला, छापणाऱ्याला नको.

पुणेरी_टोला
लावणारा आमचं ऐकतो का?

शेडरवाला
फ्लेक्सचं हिशोबात बसतं, करून बघू. ६ फूट म्हणजे ७२ इंच. १०८० पिक्सेल भागिले ७२, इंचाला १५ पिक्सेल. म्हणजे एक पिक्सेल पावणेदोन मिलिमीटरचा चौकोन. फिल्टर आत अर्ध्या फ्रेमवर चालला असेल तर खरा तपशील त्याच्याही दुप्पट जाड, साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. रस्त्यापलीकडून हे दिसत नाही, पण फ्लेक्सशेजारी उभं राहून सेल्फी काढणाऱ्याला दिसतं. आबांकडची ७२० वाली फाइल म्हणजे इंचाला १० च. तो फोटो चॅटवरून फिरून आलेला असणार, तिथे आणखी दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून मागवा.

फ्लेक्सवाला_आबा
सांगून तोंड दुखलं. डॉक्युमेंट म्हटलं की आधार कार्डाचा फोटो पाठवतात.

कोपऱ्यातला_काका
मूळ मुद्दा असा की खरा फोटो काढायचा असेल तर कॅमेरा घ्या. आमच्या वेळी रोलमध्ये ३६ फोटो असायचे, प्रत्येक विचार करून. आता मुलं चेहऱ्याला मांजराचे कान लावतात.

मृण्मयी_ठाणे
काका मांजराचे कान वेगळे, हे कार्टूनचं चाललंय. आणि मला कान आवडतात.

नितळनजर
परत विषयावर या. ठीक आहे, लाइव्ह दाखवताना छोटं करा, माझी ना नाही. पण मी बटण दाबतो तेव्हा फोनकडे सेकंदभर वेळ असतो की नाही? तेव्हा पूर्ण फोटो घ्या आणि त्यावर फिल्टर चालवा. तेव्हा कुठे ३३ मिलिसेकंदांची घाई आहे? इथे आळशीपणाच आहे, माझा शब्द मी मागे घेत नाही.

शेडरवाला
हा प्रश्न रास्त आहे, पहिल्या पोस्टमध्येच विचारला असता तर एवढं टायपावं लागलं नसतं. सेव्ह होते ती प्रिव्ह्यूचीच फ्रेम. आणि नुकसान फक्त मेगापिक्सेलचं नाही. साधा फोटो काढता तेव्हा फोन आठ-दहा फ्रेम एकत्र करून रात्रीचा नॉइज मारतो, उजेड सावरतो. प्रिव्ह्यूच्या फ्रेमला ते भाग्य नाही. म्हणून कमी उजेडात फिल्टरच्या फोटोत गालावर, भिंतीवर काळ्या मुंग्या चालल्यासारख्या दिसतात, रेघा काढणारा शेडर नॉइजलाच कडा समजतो.

मग पूर्ण फोटोवर का चालवत नाही? आम्ही केलं होतं. प्रिव्ह्यू १०८० रुंद, फोटो ३००० रुंद. शेडरमध्ये रेघ ३ पिक्सेलची लिहिली असेल तर मोठ्या फोटोत ती ३ पिक्सेलचीच राहते, म्हणजे डोळ्याला जवळपास तिसऱ्या हिश्श्याची बारीक. खिडकीचंही तेच, प्रिव्ह्यूत सपाट दिसलेला गाल फोटोत अर्धवट सपाट, त्वचेची छिद्रं दिसतात. सगळी मापं त्याच प्रमाणात वाढवावी लागतात, तरी फोटोत जे बारीकसारीक जास्त आहे त्यावर नव्या रेघा उगवतात, कपाळावरची सुरकुती प्रिव्ह्यूत नव्हती ती फोटोत काळी रेघ होऊन बसते. लोकांनी एक तारा दिला, "दिसतं एक सेव्ह होतं भलतंच". तीनच दिवसांत आमच्या साहेबांनी काढायला लावलं.

नितळनजर
म्हणजे करता येतं, फक्त लोक रडतात म्हणून करत नाही. धन्यवाद, हेच ऐकायचं होतं.

शेडरवाला
बरं, तसं समजा.

हौशी_कोडर
मध्ये घुसतो. रंग सपाट दिसावेत म्हणून उजेडाच्या पायऱ्या केल्यावर माझ्या ॲपमध्ये गालावर पट्टा लुकलुकतो, माणूस हलतही नाही तरी. ८ पायऱ्या आहेत.

शेडरवाला
पिक्सेल बरोबर दोन पायऱ्यांच्या सीमेवर असला की नॉइजमुळे एका फ्रेमला वर, दुसऱ्या फ्रेमला खाली. सरळ `floor` ने तोडू नका, त्याच २००६ च्या पेपरात मऊ पायरी आहे:

```
float q = floor(L * 8.0 + 0.5) / 8.0;
L = q + 0.0625 * tanh(k * (L - q));
```

`k` ५० च्या आसपास ठेवून बघा, जास्त केलं की पायरी परत धारदार होते आणि लुकलुक परत येते. फार कमी केलं तर पायऱ्यांच्या मध्येच फट पडते. थोडा कार्टूनपणा जातो, तो सोडायचा.

चिपचाप
आणि केसांच्या कडेला जो पांढरा फुगा दिसतो तो? बॅकग्राउंड वेगळं रंगवणाऱ्या फिल्टरमध्ये.

शेडरवाला
माणूस कापणारं मॉडेल २५६ बाय २५६ वर चालतं बऱ्याचदा. तो मास्क १०८० पर्यंत ताणला की बट काय नि वेणी काय, सगळं एकच ढेकूळ. मूळ फ्रेमच्या कडा बघून मास्क सावरता येतो, त्याला परत दोन-तीन मिलिसेकंद. कुठलाही फिल्टर तपासायचा तर नथीचे मोती किंवा मागची विजेची तार बघा, आणि हात झटकन हलवा. मोती चिकटले तर आत फ्रेम छोटी आहे, रेघ हातामागून आली तर मागची फ्रेम मिसळलीय.

पुणेरी_टोला
नथ लावून हात झटकायचा. पुढच्या कट्ट्यावर प्रात्यक्षिक ठेवा.

फ्लेक्सवाला_आबा
माझ्या पोराने एका ॲपात सेटिंग शोधलं, पूर्ण फोटोवर फिल्टर लावतं. फाइल आली ३००० बाय ४००० ची, एकदम कडक. छापून दिला. आता साहेबांचा माणूस दुकानात उभा आहे, म्हणतोय मोबाईलवर मिशी जाड होती, फ्लेक्सवर बारीक का केली, आणि कपाळावर आठ्या कुणी काढल्या.

शेडरवाला
नितळनजर, घ्या. यांना समजवा.

नितळनजर
आबा, त्यांना म्हणा खरा चेहरा तसाच आहे.

फ्लेक्सवाला_आबा
तुम्ही या आणि म्हणा.