इनडिफरन्स पॉइंट काढताना जुनं व्याज सोडायचं का?

प्रश्न (बीकॉम_शेवटचं_वर्ष): १ लाख शेअर आहेत, शिवाय १० टक्क्यांचे ५ लाखांचे जुने डिबेंचर. आता १० लाख उभे करायचेत: एकतर २० रुपयांनी ५०,००० शेअर, नाहीतर १२ टक्क्यांचे डिबेंचर. कर ३० टक्के. जुनं व्याज दोन्हीकडे सारखंच म्हणून सोडलं, तर उत्तर ३,६०,००० आलं. पुस्तकात ४,१०,००० आहे. अपेक्षित ईबीआयटी साडेचार लाख.

आकडेमोड: तुझंच बरोबर. सारखं असेल ते उडतं. कर नाही का आपण सोडत? पुस्तकात छपाईची चूक असणार.

ताळेबंद: छपाईची चूक नाही. कर दोन्ही बाजूंना गुणाकारात आहे, म्हणून उडतो. व्याज वजाबाकीत आहे आणि खालचे भाजक वेगळे आहेत, त्यामुळे ते उडत नाही.

(ईबीआयटी − ५०,०००) ÷ १,५०,००० = (ईबीआयटी − १,७०,०००) ÷ १,००,०००

यातून ४,१०,००० येतं. पडताळा घे: शेअरच्या बाजूला ४,१०,००० मधून व्याजाचे ५०,००० गेले की उरतात ३,६०,०००, त्याचे ७० टक्के २,५२,०००, भागिले दीड लाख, म्हणजे १.६८. डिबेंचरच्या बाजूला २,४०,००० चे ७० टक्के १,६८,०००, भागिले एक लाख, तेही १.६८. तुझ्या ३,६०,००० वर हेच करून बघ, १.४५ आणि १.३३ येतील. ईपीएस जुळत नसेल तर तो पॉइंटच नाही. तुझं उत्तर नेमकं ५०,००० ने, म्हणजे जुन्या व्याजाइतकंच कमी आलंय.

आणि कर दर वेळी उडतो असंही धरू नकोस. डिबेंचरऐवजी प्रेफरन्स शेअर आले की त्यांचा लाभांश कर भरून उरलेल्यातून जातो. तिथे ३० टक्के धरावेच लागतात.

आकडेमोड: बरं, व्याजाचं पटलं. मग साडेचार लाख हे ४,१०,००० च्या वर, म्हणजे डिबेंचर. विषय संपला.

सावध_गडी: कसला संपला? साडेचार लाखांवर डिबेंचरचा ईपीएस १.९६, शेअरचा १.८७. नऊ पैशांसाठी वर्षाला १,२०,००० चं जादा व्याज मानेवर घ्यायचं? ईबीआयटी नऊ टक्के घसरला की पॉइंटच्या खाली. शिवाय कर्ज वाढलं म्हणून पीई १० वरून ९ झाला, तर बाजारभाव १७.६४, शेअरच्या पर्यायात १८.६७.

लेथवाला: आमची भागीदारी फर्म आहे, बँकेकडून मशीनसाठी कर्ज घ्यायचंय. शेअरच्या जागी काय धरू?

ताळेबंद: भागीदारीत शेअरच नाहीत, तिथे ईपीएस बसत नाही. हप्ता फिटेल एवढी रोकड दरमहा येते का, ते बघा.

सावध, पीई ९ हा तुझा अंदाज आहे, गणितात दिलेला नाही. प्रश्नात पीई नसेल तर परीक्षेत उत्तर डिबेंचरच, खाली जोखमीची एक ओळ.

सावध_गडी: परीक्षेत ठीक. कंपनीत त्या ओळीवरच अर्धा तास जातो.