दादाचा प्लॅन आणि बाथरूमच्या दारावरचा कागद

दादा: चौकटीच्या कागदावर घराचा प्लॅन काढून फोटो टाकलाय. दोन बाथरूम, मोठा हॉल, आई-बाबांची खोली मागे शांत बाजूला. आर्किटेक्ट बाई, शेरा द्या!

मी: शेरा नंतर. आधी ब्रीफ लिहू, म्हणजे घरात कोणाला काय अडतं आणि काय लागतं ते ओळीओळीने, मग रेघा. एकदा भिंती दिसल्या की आपण त्या इकडे-तिकडे सरकवत बसतो, आणि त्या मुळात कशासाठी आहेत हे कोणी विचारत नाही.

दादा: कशासाठी म्हणजे? दोन बाथरूम हवीत, कारण सकाळी रोज रांग लागते.

मी: रांग लागते ही अडचण. दोन बाथरूम हे तू काढलेलं उत्तर. ब्रीफमध्ये अडचण लिहायची. वहिनी, दारावर कागद लावायला सांगितला होता, त्याचं काय झालं?

वहिनी: आठवडाभर लावला. कोण, किती वाजता आत, किती वाजता बाहेर, कशासाठी. मुलांनी एकमेकांच्या चुगल्याही त्यातच लिहिल्यात 😄 पण एक गोष्ट दिसली. आंघोळ कोणाचीच १०-१२ मिनिटांपेक्षा जास्त नाही. हे मात्र दाढीसाठी आत कडी लावून २० मिनिटं! मुलं फक्त दात घासायला बाहेर ताटकळतात.

मी: म्हणजे अडतंय ते बेसिनपाशी. तर ओळ अशी: ‘सकाळी ७ ते ७:४५ या वेळात एक जण आंघोळीला असताना दुसऱ्याला संडास आणि तिसऱ्याला बेसिन वापरता आलं पाहिजे.’ त्यावर उत्तर दुसरं बाथरूम असेल, किंवा बेसिन बाहेर आणि संडास वेगळा एवढंच असेल. ते स्केचच्या वेळी ठरेल.

आई: मला मात्र हॉल मोठाच हवा.

मी: आई, हॉलमध्ये तू काय करतेस ते सांग ना. दुपारचं.

आई: कापड जमिनीवर पसरून बेतते, दुसरं काय. मशीनही तिथेच. आणि संध्याकाळी कोणी यायच्या आत सगळं अर्धवट गोळा करायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा खुणा शोधत बसा.

मी: मग हे हॉलचं दुखणं नाही. ‘आईला साधारण ६ बाय ३ फुटांची, उभ्याने कापता येईल अशी जागा. काम रात्रभर तसंच पसरलेलं राहिलं तरी कोणाच्या वाटेत येऊ नये. दिवसाचा उजेड.’ चालेल?

आई: उभ्याने कापता आलं तर कंबर तरी वाचेल.

वहिनी: आई, तुमच्या मशीनच्या वेळेलाच माझे ऑफिसचे कॉल असतात, २ ते ४. सांगू की नको असं झालं होतं.

मी: हेच सांगायचं! एकाच वेळी एकाचा आवाज आणि दुसऱ्याची शांतता, असं जिथे जिथे असेल ते ब्रीफमध्ये ‘एकमेकांना आडवं येतं’ म्हणून वेगळं लिहायचं. या दोघींच्या जागांत बंद होणारं दार हवं, आणि शक्यतो भिंत सामाईक नको. हे प्लॅन झाल्यावर कळलं तर मग फक्त सहन करणं उरतं.

बाबा: माझी काही मागणी नाही.

मी: बाबा, रात्री किती वेळा उठता?

बाबा: दोनदा. त्यात काय लिहायचं?

मी: सगळ्यात पहिली ओळ तीच. ‘बाबांच्या पलंगापासून संडासापर्यंत उंबरा, पायरी किंवा दुसऱ्याची खोली मध्ये येऊ नये. दिव्याचं बटण पलंगावरून हाताला लागावं. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर.’

बाबा: ९०० कशाला? मी व्हीलचेअरवर नाही.

मी: नसाल, आणि नकोच. पण बटण नंतर हलवता येतं, दार रुंद करायला भिंत फोडावी लागते. न बदलता येणाऱ्या गोष्टींसाठी पुढच्या १५ वर्षांचा विचार, बाकीच्यांना आजची सवय पुरे.

दादा: आणि घर हवेशीर, मोकळं पाहिजे, ते कुठे लिहायचं?

मी: तसं लिहून उपयोग नाही. स्केच समोर ठेवून प्रत्येक ओळीला हो किंवा नाही म्हणता आलं पाहिजे. ‘मोकळं’ला प्रत्येक प्लॅन हो म्हणतो. तुला कधी कोंडल्यासारखं होतं?

दादा: ऑफिसातून आल्यावर. चपला, बॅगा, हेल्मेट, सगळं दारातच.

मी: मग ‘सहा जणांच्या चपला, चार बॅगा आणि दोन हेल्मेट दारापाशीच, पण चालण्याच्या वाटेबाहेर.’ प्रत्येक ओळीपुढे गरज, सोय की हौस तेही लिही. पैसे कमी पडले की हौस आधी जाते, आणि ते आत्ताच ठरलेलं बरं.

वहिनी: मी बाबांची ओळ यांच्या प्लॅनवर बोट फिरवून पाहिली. खोलीतून निघा, दोन पायऱ्या उतरा, अख्खा हॉल ओलांडा, मग संडास.

बाबा: अंधारात.

दादा: कळलं. फोटो डिलीट करतोय. तो दारावरचा कागद टाका इथे, मी टाइप करायला घेतो. दाढीची ओळ मात्र गाळणार.

वहिनी: गाळायची नाही.