अनुभव धागा: क्लास सुरू व्हायच्या आधीची ती दहा मिनिटं

गणितवाली, सक्करदरा
ऑनलाइन शिकवणाऱ्यांनो, वेबिनार घेणाऱ्यांनो, आपापले अनुभव लिहा. क्लास सातचा असतो. पावणेसातलाच दोन-तीन जण येऊन बसतात आणि बाकीचे सात-पाचला उगवतात. मधल्या वेळात तुम्ही काय बोलता? ‘आवाज येतोय का’ सोडून. माझ्याकडे दहावीची मुलं. एकटाच आलेल्या मुलाचं नाव घेतलं की त्याला वाटतं, तोंडी परीक्षा सुरू झाली. लगेच माइक बंद.

बागायती
मी संत्रा बागायतदारांसाठी संध्याकाळची सत्रं घेतो. काटोल, नरखेडकडची मंडळी शेतातून येऊन, हातपाय धुऊन फोन घेऊन बसतात. टाइप कोणी करत नाही. म्हणून स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत दोनच ओळी ठेवतो: ‘यंदा बहार कोणता धरला, आंबिया की मृग?’ आणि ‘बरोबर ७ ला सुरू’. एका शब्दात उत्तर देता येतं आणि ते चुकायचा प्रश्नच नाही.

पहिला आला की ‘या भाऊ, कोणतं गाव? आंबिया की मृग?’ एवढंच विचारतो. दुसरा आला की त्याला पहिल्याचं सांगतो: ‘हे भाऊ आंबियावाले, फळगळ म्हणून राहिले. तुमच्याकडे कसं?’ मग ते दोघं आपसात बोलतात आणि मी गप्प बसतो. तिसरा आला की पुन्हा एका वाक्यात काय चाललंय ते सांगतो, नाहीतर तो परक्या लग्नात आल्यासारखा बसून राहतो.

ही उत्तरं पुढे कामात येतात. ऑगस्टमधल्या एका सत्रात माझी मांडणी आंबियाच्या फळगळीपासून होती. पण आलेल्यांत मृगवालेच जास्त निघाले. पावसाने खंड दिला होता आणि फूटच नीट निघाली नाही, ही त्यांची चिंता. सात वाजता मी सरळ मृगापासून सुरुवात केली आणि पहिलं उदाहरण लवकर आलेल्या नरखेडच्या भाऊंचंच घेतलं. तुमच्याकडे ‘आजच्या धड्यातलं कोणतं गणित अडलं, नुसता नंबर सांगा’ असं चालेल. उत्तर विचारायचं नाही, नंबरच विचारायचा.

मनीषनगरचा
सोपं आहे. प्रश्न चॅटमध्ये एकदा टाकून ठेवायचा, येणारा येणारा वाचतो. मी तोवर चहा घेऊन येतो.

बागायती
झूमवर तसं होत नाही जी. आपण आत येण्याआधीचं चॅट नंतर आलेल्याला दिसतच नाही. सात वाजता कोणी ‘कोणता प्रश्न?’ म्हणालं की समजायचं. दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा टाका, नाहीतर स्क्रीनवरच ठेवा. आणि चहा आधीच घेऊन बसा. पहिल्या माणसाला रिकामा काळा चौकोन दिसला तर लिंक चुकली समजून तो बाहेर पडतो.

आजोबा, महाल
मी घेत नाही, ऐकायला बसतो. लवकर येतो कारण लिंक लागायला वेळ लागतो आणि पोराला विचारलं की तो चिडतो. फोन नातवाचा, म्हणून नावही त्याचंच दिसतं. योगाच्या बाई मला रोज म्हणतात, ‘ये बाळा, आईला बोलव.’ त्यात मे महिन्यात आमचा कूलर असा घरघरतो की मी खुलासा केलेला कोणाला कळत नाही. हे कुठं मांडायचं?

गणितवाली, सक्करदरा
इथंच मांडा, काका. वाट पाहायच्या वेळात करायचं हे उत्तम काम आहे. खाली `Participants` दाबा, आपल्या नावावर बोट ठेवा, मग `Rename`. माझ्याकडे निम्मी मुलं ‘रेडमी’ नावाने येतात. आजपासून पहिली पाच मिनिटं नावं सुधारण्याचीच.

फुकटवाला
झूमचं फुकट खातं असेल तर हे लाड परवडत नाहीत. होस्टने मीटिंग सुरू केली की ४० मिनिटांचं घड्याळ चालू होतं, गप्पाही त्यातच मोजल्या जातात. पावणेसातला उघडलं तर सात-पंचवीसला सगळे बाहेर, प्रमेय अर्धवट. मी सातला दोन मिनिटं असताना उघडतो. लवकर येणारे तोवर थांबतात बाप्पा, काही बिघडत नाही.

बागायती
बिघडतं. जो शेतकरी एकदा बंद दारावर थांबला, तो पुढच्या वेळी सात-दहालाच येतो. पण फुकट खात्यावर दुसरा इलाज मलाही सापडलेला नाही.

धरमपेठकर
माझ्याकडे गाण्याचा वर्ग. मी तंबोरा लावून ठेवते, बोलत नाही. मात्र मोबाइलवर लावून माइकसमोर धरला तर झूम तो गोंगाट समजून कापतं, सूर तुटक येतो. लॅपटॉपवरूनच `Share sound` करून लावावा लागतो. आणि रेकॉर्डिंग नमस्कारानंतरच सुरू करावं. एकदा कोणाच्या तरी घरची भाजीवरची चर्चा अख्खी आली होती.

आजोबा, महाल
नाव बदललं. आता बाई विचारतात, बाळ कुठं गेला.