फसलेला प्रयोग एका ओळीत मिटवायचा?

चिकोडीकर:
गेल्या खरिपात सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू, लावून घेतलेला प्रयोग फसला. उत्पादनात लक्षणीय फरक नाही. आता वरचे म्हणतात, सगळ्या वह्या मिळून दोन पानी अहवाल द्या. माझ्या मते एक ओळ पुरे: 'रायझोबियमचा उपयोग होत नाही.' वह्या रद्दीत घाला. जे घडलंच नाही त्याची कारणं लिहून कुणाचं भलं होणार?

वडगावकर:
ही ओळ अहवालात गेली तर ती खोटी ठरेल, म्हणून जरा लांबण लावतो. तू मागे टाकलेला तक्ताच समोर घेऊन बसलोय. न लावलेले प्लॉट हेक्टरी १९.६ क्विंटल, लावलेले २०.४. चार ट्रीटमेंट, त्या सगळ्या एकेकदा असलेले चार ब्लॉक, आणि सीव्ही, म्हणजे सरासरीच्या तुलनेत प्लॉटांमधला चढउतार, १६ टक्के. सरासरी वीस धरली तर प्लॉटमागची चूक ३.२ क्विंटल पडते, त्यावरून सीडी, म्हणजे फरक लक्षणीय ठरायला लागणारी किमान मर्यादा, येते ५.१ क्विंटल. म्हणजे पाच क्विंटलच्या आतला कुठलाही फरक तुझ्या प्रयोगात 'लक्षणीय' ठरणारच नव्हता. आणि प्रस्तावात तू स्वतः किती वाढ अपेक्षिली होतीस? दहा टक्के, म्हणजे दोन क्विंटल.

दोन क्विंटल खरोखर वाढले असते तरी बहुतेक वेळा तुला ते दिसले नसते. तुला ०.८ दिसला, पण खरा फरक उणे ४.३ ते अधिक ५.९ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. यात 'उपयोग होत नाही' कुठून आलं? अहवालाचं पहिलं वाक्य असं हवं: 'फरक ०.८ क्विंटल मिळाला. हा प्रयोग पाच क्विंटलपेक्षा लहान फरक ओळखण्याइतका बारीक नव्हता. अपेक्षित दोन क्विंटलबद्दल तो हो किंवा नाही काहीच सांगत नाही.' एवढं वाचलं की पुढचा माणूस त्याच चार ब्लॉकांत पुन्हा तोच खेळ मांडणार नाही. याच सीव्हीवर सीडी दोन क्विंटलवर आणायलाच वीसेक ब्लॉक लागतात, आणि खरोखरचे दोन क्विंटल बहुतेक वेळा दिसायला चाळीसेक. तेवढी जमीन नसेल तर सरळ उत्पादन मोजण्याऐवजी मुळांवरच्या गाठी आणि पानातलं नत्र मोजावं. धडा म्हणतात तो हा.

निपाणीचा शेतकरी:
एवढी गणितं कशाला? रायझोबियमचं पाकीट मेलेलं असणार, बघा की. मी दोन वर्षांमागं दुकानातून आणलं, ते पत्र्याच्या शेडात पडलेलं. उन्हाळ्यात त्या शेडात हात ठेवता येत न्हाई. बियाण्याला चोळलं, वर बुरशीनाशक बी चोळलं, आणि काय बी झालं न्हाई. अहवालात लिहा की, पाकीट खराब. कारण मिळालं.

वडगावकर:
दादा, तुमच्याकडे दोन्ही गोष्टी घडल्या असतील. उष्णतेने जिवाणू मरतात, आणि बुरशीनाशकाच्या संगतीतही मरतात. म्हणून बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी, गुळाच्या पाण्यात कालवून, आणि बी सावलीत वाळवून लगेच पेरणी. पण तुमचं कारण चिकोडीकरांच्या अहवालात तसंच उचलून टाकता येत नाही. पाकीट मेलं होतं म्हणायला मोजणी लागते. खत नियंत्रण आदेशानुसार पावडरीच्या पाकिटात ग्रॅमला किमान पाच कोटी जिवंत जिवाणू हवेत. चिकोडीकर, एखादं पाकीट राखून ठेवलंय का? नसेल तर अहवालात फक्त एवढंच: 'जिवंतपणा तपासला नाही, नमुना राखला नव्हता.' आणि धड्यात: 'प्रत्येक लॉटचं एक पाकीट थंड जागी राखावं, पेरणीच्या आठवड्यातच प्लेटवर मोजणी करावी.'

माझा संशय दुसरीकडेच आहे. तुझ्या वहीत फुलोऱ्याच्या वेळी झाडं उपटून गाठी मोजल्या होत्या. न लावलेल्या प्लॉटांत किती?

चिकोडीकर:
झाडामागे सरासरी ३८. लावलेल्यात ४१. गाठ नखाने फोडून पाहिली, दोन्हीकडे आतून गुलाबी. हे उत्पादनाच्या तक्त्यात बसत नव्हतं म्हणून परिशिष्टात टाकलंय.

वडगावकर:
परिशिष्टात? अरे, सगळ्या वह्यांतली ही सगळ्यात मोलाची नोंद आहे! जिथे काहीच लावलं नाही तिथेही ३८ गाठी, आणि त्याही आतून गुलाबी, म्हणजे नत्र बांधणाऱ्या. त्या रानात सोयाबीन वर्षानुवर्षं होतंय ना? मग ब्रॅडिरायझोबियम, म्हणजे सोयाबीनच्या गाठी करणारे जिवाणू, मातीत आधीच ठाण मांडून बसलेत. नव्याला शिरायला जागाच नाही. पाकीट ताजं असतं तरी फरक थोडाच पडला असता. हे कारण पहिल्या पानावर, 'पुराव्यासह' या शब्दासकट. पाकिटाचं कारण खाली, 'तपासलेलं नाही' या शब्दासकट. दोन कारणं एकाच वजनाने लिहिली की वाचणारा सोयीचं ते उचलतो, आणि दोष पाकिटावर ढकलणं सगळ्यांनाच सोयीचं असतं.

खानापूरची अनुराधा:
बरं झालं वह्यांचा विषय निघाला. या भागात प्रयोग फसला की वही कुणाची खरी मानायची हा प्रश्न कुणी विचारतच नाही. रोज रानात कोण असतं? गडी. तो लिहितो मराठीत, कारण तो मराठी शाळेत शिकलाय. अहवाल होतो इंग्रजीत, शेतकऱ्यांसाठीचा सारांश कन्नडमध्ये. मधल्या मध्ये गड्याची वही गळते. मी एका केंद्रावर तीन हंगाम काम केलं. तिथे गड्यांच्या वह्या कपाटावर धूळ खात पडायच्या, अहवाल लिहिणाऱ्याने त्या कधी उघडलेल्या मी पाहिल्या नाहीत. आमच्याकडे माणसं सही कन्नडमध्ये करतात, हिशोब मराठीत करतात. जो हिशोब करतो त्याचा अहवालात पत्ता नाही.

हुक्केरीचा सहायक:
ताई, सीमाप्रश्न इथे आणू नका. सरकारी अहवाल ठरलेल्या भाषेत जातो, यात अन्याय कसला? मी स्वतः मराठी घरातला. वह्यांचा गठ्ठा वाचायचा कुणी? दोन पानांत सगळ्या गड्यांची रोजनिशी कोंबायची म्हटली तर सारांश कशाचा करायचा?

अनुराधा:
सीमाप्रश्न मी आणला नाही, तुम्ही आणलात. मी विचारते आहे की कोळपणी कधी झाली, पाणी कधी दिलं, कुणी काय टाकलं हे कुठल्या वहीत आहे? तुमच्या छापील फॉर्ममध्ये त्याला रकानाच नाही. आणि 'मी मराठी घरातला' हे सांगून वही न वाचण्याची मुभा मिळत नाही.

सहायक:
मुभा नाही मागत. वेळ मागतो. माझ्याकडे अकरा प्रयोगांचे अहवाल आहेत आणि लिहिणारा एक मी. प्रत्येक वेळी भाषेवरून अंगावर यायचं असेल तर मी इथून उठतो.

निपाणीचा शेतकरी:
दोघं बी भांडू नका. अनुराधाताई म्हणतात ते खरं हाय. आमच्याकडं आलेल्या साहेबांनी माझी वही बघितली न्हाई, मलाच तोंडी विचारलं, आणि मी त्यांना बरं वाटंल ते सांगितलं. शेडातलं पाकीट मी सांगितलंच न्हाई.

चिकोडीकर:
भांडण वाचून मी गड्याची वही काढली. जुलैचा तिसरा आठवडा, मराठीत एक ओळ: 'चौथ्या पट्टीत पीक पिवळं दिसलं म्हणून युरिया टाकला.' पट्टी म्हणजे चौथा ब्लॉक, सगळे प्लॉट. माझ्या वहीत याचा उल्लेख नाही. आणि आता गाठींचे आकडे ब्लॉकवार लावले तर चौथ्यात निम्म्याहून कमी आहेत, लावलेल्यातही आणि न लावलेल्यातही.

वडगावकर:
अनुराधाताईंचं म्हणणं मला आधी फाटे फोडणं वाटलं होतं. मागे घेतो. युरियाने गाठी दबतात, मातीत आयतं नत्र मिळालं की झाड जिवाणूंना पोसत नाही. ही ओळ त्या वहीतून आली नसती तर चौथ्या ब्लॉकचा फरक 'जमिनीचा फरक' म्हणून खपला असता.

सहायक:
ठीक आहे, ही एक नोंद उपयोगी निघाली. गठ्ठ्यातून एक ओळ. मग चौथा ब्लॉक काढून टाका आणि आकडे पुन्हा काढा, प्रश्न मिटला.

वडगावकर:
इथे मात्र मी आडवा येतो. निकाल हातात आल्यावर ब्लॉक काढायचा तर कारण निकालाच्या आधीचं आणि लेखी असलं पाहिजे. इथे ते आहे, तारखेसकट, म्हणून काढण्याचा हक्क आहे. पण गुपचूप नाही. अहवालात दोन्ही आकडे द्यायचे: चारही ब्लॉकांचा फरक ०.८, आणि चौथा वगळून येईल तो. किती येतो?

चिकोडीकर:
१.१. पण तीनच ब्लॉक उरल्यावर सीडी वाढून ६.४ झाली.

वडगावकर:
मग तेही लिही. वगळल्याने फरक थोडा वाढला, नजर आणखी अधू झाली, निष्कर्ष बदलला नाही. वाचणाऱ्याला कळतं की तू सोयीचा ब्लॉक निवडला नाहीस.

सहायक:
मुख्य तक्त्यात चार ब्लॉकच राहावेत. परवानगी नसलेला युरिया पडला हे प्रयोगाचं वास्तव आहे, शेतातही असंच होतं. तीन ब्लॉकांचा आकडा तळटीपेत.

वडगावकर:
नाही पटत. प्रश्न होता रायझोबियमचा, युरियाचा नाही. दोन्ही आकडे शेजारी शेजारी, एकाच आकाराच्या अक्षरांत. तळटीप कुणी वाचत नाही हे तुम्हालाही माहीत आहे.

अनुराधा:
आणि गड्याचं नाव? नोंद कुणाची ते अहवालात यायला हवं.

सहायक:
नावं नियमात बसत नाहीत. 'मजुराची दैनिक नोंदवही, मराठी' एवढं लिहितो. पानाचा फोटो जोडतो. याहून जास्त मला शक्य नाही.

अनुराधा:
फोटो जोडा. नावाचं मी सोडलेलं नाही.

चिकोडीकर:
रायझोबियमचा उपयोग होत नाही ही ओळ काढली. पहिल्या पानावर आता तीन गोष्टी: फरक आणि त्याच्या मर्यादा, न लावलेल्या प्लॉटांतल्या गुलाबी गाठी, चौथ्या ब्लॉकचा युरिया. दुसऱ्या पानावर पाकीट न राखल्याचं आणि पुढच्या खरिपात पेरणीआधी मातीतले जिवाणू तपासायचं. त्यासाठी कुंडीत सोयाबीन लावून गाठी येतात का पाहायचं ठरवलंय, नत्र नसलेल्या वाळूत, थोडी रानाची माती टाकून. वडगावकर, बियाण्यावर आधीचं काही नसावं म्हणून ते आधी कशाने धुवायचं?

वडगावकर:
अल्कोहोलात एक मिनिट, मग सौम्य ब्लीचमध्ये तीन-चार मिनिटं, आणि निर्जंतुक पाण्याने पाच-सहा वेळा खळखळून. एक कुंडी माती न टाकता ठेव. तिच्यात गाठ दिसली तर जिवाणू बियाण्यातून, पाण्यातून किंवा वाळूतून आले असं समज आणि सगळ्या कुंड्या पुन्हा लाव.